एक एप्रिल ही तुमची तारीख नाही

*"आमची कंपनी एका मोठ्या कंपनीत विलीन होते आहे. मी एचआरमध्ये काम करते. विलीनीकरणाची ब्याण्णव पानांची इंग्रजी स्कीम माझ्याकडे देऊन साहेबांनी सांगितलं, 'लोकांना कळेल असं एक पान मराठीत करा. शेअर किती मिळणार, कधीपासून आणि नोकरीचं काय, एवढंच.' दरम्यान एका मॅनेजरनं ग्रुपवर टाकलं की एक एप्रिलपासून आपण सगळे नव्या कंपनीचे. लोक विचारतात, मग पगाराच्या स्लिपवर अजून जुनंच नाव का? दहाचा शेअर दोनचा होणार हे वाचून काही जण घाबरलेत. कंपनी सेक्रेटरी म्हणतात, सगळं स्कीममध्ये आहे. आहे खरं, पण मला ते सापडत नाही. रेशो, तारखा आणि कर्मचाऱ्यांचं कलम अशी पानं सोबत जोडते आहे. यातून एक पान कसं काढू?"*

आधी तो ग्रुपवरचा मेसेज मागे घ्यायला लावा. तुमचं पान निघायला आठवडा लागला तरी चालेल, पण तो मेसेज आजच हटायला हवा.

तुम्ही जोडलेल्या पानांत एक एप्रिल आहे, पण ती "अपॉइंटेड डेट" आहे. कंपनी कायदा, 2013 च्या कलम 232 नुसार प्रत्येक स्कीममध्ये अशी एक तारीख द्यावीच लागते, आणि स्कीम त्या तारखेपासून अमलात आली असं कायदा मानतो. "मानतो" हा शब्द इथे महत्त्वाचा. मंजुरीला महिनोन् महिने लागतात. तेवढ्या काळातला नफा, तोटा, मालमत्ता आणि देणी कुणाच्या वहीत धरायची हे ठरायला एक रेघ लागते, ती ही रेघ. मधल्या काळात जुनी कंपनी धंदा चालवतेच, फक्त तो नव्या कंपनीच्या वतीने चालवला असं नंतर धरलं जातं. थोडक्यात, ही हिशेबाची तारीख आहे. मॅनेजरसाहेबांनी स्कीम उघडली, पहिल्या काही पानांत ठळक अक्षरांत एकच खरीखुरी तारीख दिसली आणि तीच उचलली. बहुतेक लोक इथेच फसतात, कारण दुसरी तारीख तारखेसारखी दिसतच नाही.

ती दुसरी म्हणजे "इफेक्टिव्ह डेट", आणि तुमच्या लोकांची तारीख तीच. तुमच्या व्याख्येच्या पानावर तिच्यापुढे दिवस-महिना काही नाही. तिथे एक अट आहे: एनसीएलटी या कंपनी न्यायाधिकरणाच्या मंजुरी आदेशाच्या प्रमाणित प्रती दोन्ही कंपन्यांनी आपापल्या कंपनी निबंधकाकडे दाखल केल्या, की त्यातली शेवटची प्रत ज्या दिवशी दाखल झाली तो दिवस. आदेशाची प्रमाणित प्रत हाती आल्यापासून तीस दिवसांत ती आयएनसी-28 या फॉर्मसोबत दाखल करावी लागते. तुमच्या दोन कंपन्यांची नोंदणीकृत कार्यालयं वेगवेगळ्या राज्यांत आहेत, म्हणजे बहुधा एनसीएलटीची दोन खंडपीठं, दोन आदेश आणि दोनदा दाखल करणं. एका कंपनीचं काम आधी उरकलं तरी स्कीम थांबते ती दुसरीसाठी. म्हणून ही तारीख आज कुणालाच सांगता येणार नाही, साहेबांनाही नाही. तुमच्या पानावर तिथे अंदाजे महिना घालायचा मोह होईल. घालू नका. अट लिहा, आणि तारीख ठरली की कोण कळवणार ते लिहा.

ही चूक किती महागात पडते ते मी पाहिलं आहे. मी काही वर्षं एका कंपनीच्या सेक्रेटरी खात्यात काढली, तिथे असंच परिपत्रक एप्रिलमध्ये निघालं आणि आदेश आला पुढच्या फेब्रुवारीत. मधल्या दहा महिन्यांत एकानं गृहकर्जाच्या अर्जावर नव्या कंपनीचं नाव लिहिलं, सॅलरी स्लिप मात्र जुनीच होती, त्यामुळे बँकेनं अर्ज परत पाठवला. दुसऱ्यानं नोव्हेंबरमध्ये राजीनामा दिला आणि रिलीव्हिंग लेटर नव्या कंपनीच्या लेटरहेडवर मागितलं. ते देणं शक्यच नव्हतं, कारण तो त्या कंपनीचा कधी झालाच नव्हता. स्लिपवर जुनं नाव का, या तुमच्या लोकांच्या प्रश्नाचं उत्तर हेच: इफेक्टिव्ह डेटपर्यंत मालक तोच, स्लिप तीच, पीएफचा भरणाही त्याच खात्यावर.

ब्याण्णव पानं पहिल्यापासून वाचायचीही गरज नाही. पीडीएफमध्ये "Effective Date" टाइप करून शोधा. प्रत्येक ठिकाणी पोहोचल्यावर बघा, तिथे काय घडणार आहे. मग तेच "Appointed Date", "Record Date" आणि "Employees" यांचं करा. कागदावर चार रकाने पाडा, प्रत्येकात कलमाचा क्रमांक आणि एक ओळ. दोन तासांचं काम आहे, आणि शेवटी तुमच्या लक्षात येईल की कर्मचाऱ्यांच्या कलमात "Appointed Date" हा शब्द एकदाही येत नाही. मॅनेजरसाहेबांना दाखवायला तेवढं पुरेसं आहे.

आणखी एक खबरदारी. तुम्ही पाठवलेली पानं मसुद्याची आहेत, त्यावर तसं छापलेलंच आहे. मंजूर करताना एनसीएलटी दुरुस्ती सुचवू शकतं. म्हणून आदेश आला की त्याला जोडलेली प्रत घ्या आणि आपलं पान तिच्याशी ओळ-ओळ ताडून पाहा. तोवर पानाच्या माथ्यावर "मसुदा स्कीमवरून" असं लिहून ठेवा. कंपन्या शेअर बाजारात नोंदलेल्या असतील तर बाजाराला जाहीर केलेल्या कागदाबाहेरचं एक वाक्यही त्यात येऊ देऊ नका. विलीनीकरणाची जाहीर न झालेली माहिती वाटणं सेबीच्या नियमांत बसत नाही, मग ती कितीही सदिच्छेनं वाटलेली असो.

आता शेअर. तुमच्या स्कीममधलं वाक्य मराठीत असं होतं: जुन्या कंपनीच्या दहा रुपये दर्शनी मूल्याच्या प्रत्येक आठ शेअरांमागे नव्या कंपनीचे दोन रुपये दर्शनी मूल्याचे तीन शेअर. या वाक्यात चार आकडे आहेत आणि लोक त्यातले चुकीचे दोन एकमेकांशी ताडतात. दहा आणि दोन ही दर्शनी मूल्यं आहेत, शेअर प्रमाणपत्रावर छापायचा आकडा. बाजारातल्या किमतीशी त्यांचा संबंध नाही. रेशो ठरतो तो नोंदणीकृत मूल्यांककाच्या अहवालावरून, दोन्ही कंपन्यांच्या मूल्याची तुलना करून. समजा तुमच्या कंपनीचा शेअर 150 रुपयांना आणि त्यांचा 400 रुपयांना असेल, तर आठ गुणिले दीडशे म्हणजे बाराशे आणि तीन गुणिले चारशे म्हणजेही बाराशे. दहाचा शेअर दोनचा झाला म्हणून कुणाचं काही गेलं नाही. हे उदाहरण तोंडी सांगा, पानावर घालू नका. बाजारभाव रोज हलतो, रेशो हलत नाही, आणि "तुमचा फायदा झाला की तोटा" हे सांगणं एचआरचं काम नव्हे.

मोठ्या विलीनीकरणातही हेच असतं. एचडीएफसी लिमिटेड एचडीएफसी बँकेत विलीन झाली तेव्हा लिमिटेडच्या दोन रुपयांच्या प्रत्येक 25 शेअरांमागे बँकेचे एक रुपयाचे 42 शेअर मिळाले. तिथे दर्शनी मूल्य निम्मं झालं आणि शेअरांची संख्या वाढली, तुमच्याकडे दोन्ही कमी होतात. म्हणजे दर्शनी मूल्यावरून काहीच अनुमान काढता येत नाही. त्याच उदाहरणात एक तिसरी तारीखही दिसते. ते विलीनीकरण 1 जुलै 2023 पासून अमलात आलं, पण शेअर कुणाला मिळणार हे ठरलं 13 जुलैला ज्यांच्या नावावर शेअर होते त्यांच्यावरून. ती "रेकॉर्ड डेट". तुमच्या स्कीममध्ये ती संचालक मंडळ नंतर ठरवणार आहे. ज्यानं शेअर आधीच विकले त्याला नवे मिळणार नाहीत, एवढी ओळ पानावर असू द्या.

रेशो वाचताना दिशा उलटी होणं ही दुसरी नेहमीची चूक. "तीनास आठ" एवढंच लिहिलं की निम्मे लोक तिनाचे आठ होतात असं समजतात, आणि खूश होतात. म्हणून रेशो कधीही दोन आकड्यांनी लिहू नका, पूर्ण वाक्यानं लिहा आणि लगेच एक हिशेब द्या. शंभर शेअर असलेल्याचे किती होतील? शंभर गुणिले तीन भागिले आठ, म्हणजे साडेसदतीस. अर्धा शेअर कुणाला देता येत नाही. तुमच्या स्कीममध्ये असे सगळे तुकडे एकत्र करून एका ट्रस्टीच्या नावे काढायचे, त्यानं ते बाजारात विकायचे आणि खर्च वजा जाता आलेले पैसे ज्याच्या त्याच्या वाट्यानुसार द्यायचे, असं कलम आहे. म्हणजे शंभरवाल्याला सदतीस शेअर आणि अर्ध्या शेअरचे पैसे. आणि हो, रेशोच्याच कलमात खाली एक ओळ असते की मधल्या काळात कुठल्याही कंपनीनं बोनस दिला किंवा शेअरचं विभाजन केलं तर रेशो त्यानुसार बदलेल. तुमच्याकडेही ती आहे, ती पानावर यायला हवी.

ज्यांच्याकडे ईसॉप, म्हणजे ठरलेल्या किमतीला कंपनीचे शेअर घ्यायचे ऑप्शन आहेत, त्यांना मात्र वरचा हिशेब अर्धाच लागू होतो. त्यांचे ऑप्शन रेशोनं कमी होतात आणि ऑप्शन वापरायची किंमत त्याच प्रमाणात वाढते. चारशे ऑप्शन 120 रुपयांच्या किमतीचे असतील तर त्यांचे दीडशे होतील आणि किंमत 120 गुणिले आठ भागिले तीन, म्हणजे 320 रुपये होईल. लोकांना किंमत 320 झालेली दिसते आणि फोन सुरू होतात. त्यांना ताळा करून दाखवा: आधी सगळे घ्यायला 48 हजार लागत होते, आताही दीडशे गुणिले 320 म्हणजे 48 हजारच. जुन्या कंपनीत ऑप्शन धरून ठेवलेला काळ व्हेस्टिंगमध्ये, म्हणजे ऑप्शन वापरता येईपर्यंतच्या मुदतीत मोजला जातो, तेही तुमच्या कलमात आहे.

तुम्हाला खरा वेळ द्यायचा आहे तो कर्मचाऱ्यांच्या कलमाला. हे कलम जवळजवळ प्रत्येक स्कीममध्ये एकाच साच्यातलं असतं, त्यामुळे लोक ते वाचत नाहीत. "सगळ्यांच्या नोकऱ्या आहेत तशा राहतील" असं लिहून मोकळे होतात. तुमच्या कलमात तसं म्हटलेलं नाही. तिथे लिहिलं आहे की इफेक्टिव्ह डेटला जुन्या कंपनीच्या सेवेत असलेले सर्व कायम कर्मचारी, सेवेत खंड न पडता, एकंदरीत आजच्यापेक्षा कमी फायद्याच्या नसलेल्या अटींवर नव्या कंपनीचे कर्मचारी होतील. या एका वाक्यात तीन ठिकाणी थांबा.

पहिलं, "कायम". व्याख्येच्या पानावर "कर्मचारी" म्हणजे कंपनीच्या पटावरचे कायम लोक. ठेकेदारामार्फत आलेले, शिकाऊ आणि मुदतीच्या करारावरचे त्यात बसत नाहीत. त्यांची नोकरी जाईल असा याचा अर्थ नाही, त्यांचे करार इतर करारांच्या कलमाखाली नव्या कंपनीकडे जातील. पण त्यांना कायम लोकांसारखी हमी या कलमातून मिळत नाही, आणि तुमच्या पानावर "सर्व" लिहिलंत तर ती मिळते असं ते समजतील. प्रोबेशनवरच्यांबद्दल व्याख्या गप्प आहे. तो प्रश्न सेक्रेटरींना लेखी विचारा आणि उत्तर येईपर्यंत पानावर काही लिहू नका.

दुसरं, "खंड न पडता". याची किंमत पैशात दाखवता येते, म्हणून दाखवा. समजा एखादी सहकारी 12 जून 2020 ला रुजू झाली, इफेक्टिव्ह डेट 1 ऑक्टोबर 2025 ठरली, आणि तिनं 30 जून 2026 ला नोकरी सोडली. ग्रॅच्युइटीला कायम कर्मचाऱ्याची पाच वर्षं सलग सेवा लागते. मोजणी नव्या कंपनीपासून सुरू झाली असती तर तिची सेवा नऊ महिन्यांची, म्हणजे हातात शून्य. सेवा अखंड धरल्यामुळे ती सहा वर्षं पूर्ण होते. ग्रॅच्युइटीसाठी धरायचा महिन्याचा पगार 39 हजार असेल तर भागिले 26, गुणिले 15, म्हणजे वर्षामागे साडेबावीस हजार, आणि सहा वर्षांचे एक लाख पस्तीस हजार. कलमाच्या तिसऱ्या परिच्छेदात हे स्पष्ट आहे: ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे आणि नोकरकपातीची भरपाई यांसाठी सेवा मूळ नेमणुकीच्या तारखेपासून मोजायची. हा परिच्छेद संक्षेप न करता पूर्ण उतरवा. पीएफ आणि ग्रॅच्युइटीच्या ट्रस्टमध्ये जुन्या कंपनीच्या जागी नवी कंपनी येते, तेही तिथेच आहे.

तिसरं, "एकंदरीत". मला सर्वांत खटकला तो हा शब्द. तो नसता तर प्रत्येक अट एकेकटी तपासली गेली असती. तो असल्यामुळे कॅन्टीनचा भत्ता कमी करून विमा वाढवला तरी कलम मोडलं असं म्हणता येणार नाही. मॅनेजर आणि अधिकारी वर्गाला स्कीम देते ते एवढंच. कामगार या कायदेशीर व्याख्येत बसणाऱ्यांची गोष्ट वेगळी. औद्योगिक विवाद कायदा, 1947 च्या कलम 25एफएफमध्ये आस्थापना दुसऱ्याच्या हाती गेली तर काय, हे सांगितलं होतं, आणि आता त्या कायद्याच्या जागी आलेल्या औद्योगिक संबंध संहिता, 2020 मध्येही तीच कसोटी आहे. सेवा अखंड हवी, अटी कोणत्याही प्रकारे कमी फायद्याच्या नसाव्यात, आणि पुढे कपात झाली तर नव्या मालकानं भरपाई देताना आधीची सेवाही मोजली पाहिजे. यातली कोणतीही एक गोष्ट नसली तर वर्षभर सेवा झालेल्या कामगाराला कपात झाल्यासारखी नोटीस आणि भरपाई मिळते. "कोणत्याही प्रकारे" आणि "एकंदरीत" यांत फरक आहे. स्कीममध्ये सैल शब्द घातला म्हणून कायद्यातला घट्ट शब्द सैल होत नाही. तुमच्या पानावर हा कायदेशीर काथ्याकूट नको, पण दोन गटांसाठी दोन वाक्यं हवीत, आणि "एकंदरीत" हा शब्द गाळू नका. तो गाळलात तर कंपनीनं न दिलेलं वचन तुम्ही दिल्यासारखं होईल.

आणि जे स्कीममध्ये नाहीच त्याचं काय? हुद्दा, बदली, रजेचे नियम, आरोग्य विमा, दोन्हीकडच्या पगाराच्या श्रेणी एकत्र कशा आणायच्या, यातलं काहीही ब्याण्णव पानांत नाही. कपात करणार नाही असंही कुठे म्हटलेलं नाही. लोक विचारणार आहेत ते नेमकं हेच, म्हणून "स्कीममध्ये याबद्दल तरतूद नाही" हे वाक्य पानावर स्वतःहून लिहा. साहेब ते काढायला सांगतील. अडून बसा, कारण ते वाक्य नसलं की लोक रिकाम्या जागेत आपल्याला हवं ते वाचतात.

मी तुमच्या जागी असतो तर पान साधारण असं केलं असतं. कलमांचे क्रमांक तुम्ही भरा.

> मसुदा स्कीमवरून काढलेला सारांश. मतभेद झाल्यास मूळ स्कीम ग्राह्य.
>
> आपण नव्या कंपनीचे कधी होऊ? एनसीएलटीच्या आदेशाची प्रत दोन्ही कंपन्यांनी कंपनी निबंधकाकडे दाखल केल्यावर, ज्या दिवशी शेवटची प्रत दाखल होईल त्या दिवशी (इफेक्टिव्ह डेट). ही तारीख अजून ठरलेली नाही. ठरल्यावर एचआर लेखी कळवेल. तोपर्यंत आपला मालक, सॅलरी स्लिप आणि पीएफ खातं आहे तेच. स्कीममधली 1 एप्रिल ही कंपन्यांच्या हिशेबाची तारीख आहे.
>
> शेअर असतील तर? आपल्या कंपनीच्या प्रत्येक 8 शेअरांमागे नव्या कंपनीचे 3 शेअर मिळतील. 100 शेअर असल्यास 37 शेअर आणि उरलेल्या अर्ध्या शेअरचे पैसे. रेकॉर्ड डेटला शेअर आपल्या नावावर असले पाहिजेत. ती तारीख संचालक मंडळ नंतर जाहीर करेल. मधल्या काळात बोनस किंवा शेअरविभाजन झालं तर रेशो बदलेल. ईसॉपधारकांना वेगळं पत्र मिळेल.
>
> नोकरीचं काय? इफेक्टिव्ह डेटला सेवेत असलेले कायम कर्मचारी सेवेत खंड न पडता नव्या कंपनीकडे जातील. अटी एकंदरीत आजच्यापेक्षा कमी फायद्याच्या नसतील. कामगार वर्गाला कामगार कायद्याचं संरक्षण याशिवाय लागू आहे. ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे आणि कपातीची भरपाई यांसाठी सेवा मूळ नेमणुकीपासून मोजली जाईल.
>
> स्कीममध्ये काय नाही? हुद्दा, कामाचं ठिकाण, रजा, विमा आणि पगाराच्या श्रेणी यांबद्दल स्कीममध्ये तरतूद नाही.

हे पान आधी सेक्रेटरींना द्या आणि प्रत्येक ओळीपुढे कलमाच्या क्रमांकासह सही घ्या, कारण उद्या प्रश्न आला तर उत्तर त्यांच्याकडून यायला हवं. मग ते अशा दोन जणांना वाचायला द्या ज्यांचा विलीनीकरणाशी काही संबंध नाही, आणि विचारा: आज तुमचा मालक कोण, आणि शंभर शेअरांचे किती? दोघांनी बरोबर सांगितलं तर ग्रुपवर टाका, मॅनेजरसाहेबांच्या जुन्या मेसेजला उत्तर म्हणून, म्हणजे तो मेसेज ज्यांनी वाचला त्यांना हेही दिसेल.